लिंक रिॲक्शन क्रेब्स चक्रात मोडत नाही

प्रश्न: "सराव-परीक्षेत विचारले होते की एका ग्लुकोजमागे क्रेब्स चक्रात कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू बाहेर पडतात. मी चार लिहिले, क्लासच्या उत्तरसूचीत सहा आहेत. मग पायरुव्हेटचे ॲसिटिल को-ए होते ती क्रिया नक्की कुठे धरायची?"

तुमचे उत्तर बरोबर आहे, उत्तरसूची चुकलेली आहे. सहा हा आकडा पूर्ण श्वसनाचा आहे: त्यातले दोन रेणू लिंक रिॲक्शनमध्ये निघतात आणि चार क्रेब्स चक्रात. ग्लायकोलिसिसमध्ये एकही निघत नाही.

ग्लायकोलिसिस पेशीद्रव्यात संपते. तिथे तयार झालेले पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियाच्या मॅट्रिक्समध्ये जाते आणि तिथे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हा तीन एन्झाइमांचा मोठा समूह त्यावर काम करतो. तीन कार्बनच्या पायरुव्हेटमधून एक कार्बन डायऑक्साइड म्हणून सुटतो, एनएडीचे एनएडीएच होते आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा को-एन्झाइम एला जोडला जातो. या पायरीत एटीपी थेट मिळत नाही. क्रेब्स चक्र सुरू होते ते हा तुकडा ऑक्झॅलोॲसिटेटला जोडला जाऊन सायट्रेट तयार होते तेव्हा. त्यामुळे मॅट्रिक्स ही जागा दोघांची एकच असली तरी लिंक रिॲक्शन चक्राच्या बाहेर, चक्राच्या दाराशी घडते.

हे पाठ करण्यापेक्षा कार्बनचा माग काढून पाहावे, असे माझे मत आहे. ग्लुकोजच्या सहा कार्बनांना क्रमांक द्या आणि समजा तिसरा कार्बन किरणोत्सारी आहे. ग्लायकोलिसिसमध्ये रेणू मधोमध, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या कार्बनच्या मध्ये तुटतो आणि हेच दोन कार्बन पुढे दोन पायरुव्हेटचे कार्बॉक्सिल कार्बन होतात. लिंक रिॲक्शनमध्ये नेमका कार्बॉक्सिल कार्बनच सुटतो. म्हणजे खूण केलेला कार्बन चक्रात पाऊल टाकण्यापूर्वीच बाहेर पडतो. याउलट पहिल्या कार्बनवर खूण केली, तर तो पायरुव्हेटचा मिथिल कार्बन होतो, ॲसिटिल को-एमध्ये टिकतो आणि चक्रात शिरतो. शिवाय चक्राच्या पहिल्या फेरीत जे दोन कार्बन बाहेर पडतात ते ऑक्झॅलोॲसिटेटकडचे असतात, नव्याने आलेल्या ॲसिटिलचे नव्हेत. ती खूण बाहेर यायला पुढच्या फेऱ्या लागतात. एकाच ग्लुकोजच्या दोन कार्बनांची गत इतकी वेगळी असताना दोन्ही टप्पे एकाच नावाखाली घालणे मला मान्य नाही.

तुमचा प्रश्न वाचून जुना त्रास आठवला, म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे. माझी भाची इंदूरला भंवरकुआँ भागातल्या एका क्लासमध्ये शिकत होती, तेव्हा याच उत्तरावरून तिने तिथल्या परीक्षा विभागाकडे लेखी हरकत दिली होती. उत्तरे वरून छापून येतात, इथे काही बदलत नाही, एवढेच ऐकवून तिला परत पाठवले. गेलेल्या गुणांचे मला फारसे वाटले नाही. पण त्या सूचीवर विश्वास ठेवून ती लिंक रिॲक्शनचे एनएडीएचही चक्रातच मोजू लागली, आणि पुढे प्रश्न "एका ॲसिटिल को-एपासून" असा आला तेव्हा तीनऐवजी चार लिहून आली. शिकवणाऱ्याने चूक दुरुस्त करायला नकार दिला की ती मुलांच्या डोक्यात मुरते, याचा राग मला आजही आहे.

म्हणून प्रश्नात सुरुवात कुठून केली आहे ते आधी वाचा. एका ॲसिटिल को-एमागे चक्रात तीन एनएडीएच, एक एफएडीएच-टू आणि एक जीटीपी मिळते. एनएडीएचला अडीच आणि एफएडीएच-टूला दीड एटीपी धरले तर एकूण १० होतात. सुरुवात पायरुव्हेटपासून असेल तर लिंक रिॲक्शनचे एक एनएडीएच वाढते आणि बेरीज १२.५ होते. जुन्या पुस्तकांत तीन आणि दोन असा हिशेब असतो, तिथे हेच आकडे १२ आणि १५ दिसतील. तुमचे पुस्तक कोणता हिशेब वापरते ते तपासून घ्या. उत्तरात दोन्ही मिसळू नका.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. ही पायरी आपल्या शरीरात उलटी फिरत नाही. चरबीच्या आम्लांपासूनही ॲसिटिल को-ए मिळते, पण ते लिंक रिॲक्शन न होताच. आणि त्याचे परत पायरुव्हेट होत नसल्यामुळे त्या कार्बनांतून शरीराला ग्लुकोजची निव्वळ भर घालता येत नाही. तसेच या एन्झाइम-समूहाला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वापासून बनलेले सहविकर लागते. ते कमी पडले तर पायरुव्हेट पुढे सरकत नाही आणि रक्तात पायरुव्हेट व लॅक्टेट वाढते.

हे सर्व मायटोकॉन्ड्रिया असलेल्या पेशींबद्दल आहे. जिवाणूंमध्ये ही क्रिया पेशीद्रव्यातच होते, आणि आपल्या तांबड्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रिया नसल्याने ती होतच नाही. तिथे पायरुव्हेटचे लॅक्टेट होते. हरकत पुन्हा द्यायची असेल तर कार्बनचा हिशेब अर्जातच मांडा: ग्लुकोजचे सहा, दोन पायरुव्हेटचे मिळून सहा, दोन ॲसिटिलचे मिळून चार. चक्रात कार्बन चारच शिरत असताना सहा बाहेर कसे पडले, हे त्यांना लेखी विचारा.