प्रावरण घन आहे, तरीही भूपट्ट सरकतात

प्रश्न: पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे भूपट्ट कसे सरकतात, आणि भूकंप व ज्वालामुखी त्यांच्या कडांवरच का आढळतात?

प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, हा उकळत्या लाव्ह्याचा समुद्र आहे, हे चित्र आधी मनातून काढून टाका. आमच्या शाळेची सहल चोपडा तालुक्यातील उनपदेवला गेली असता, गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली हात धरून उभ्या असलेल्या मुलांना माझ्या एका सहकाऱ्यांनी नेमके हेच सांगितले: ‘खाली लाव्हा उकळतो आहे, म्हणून पाणी तापते.’ मी तेथेच हरकत घेतली. पावसाचे पाणी जमिनीतील भेगांतून खोल उतरते, तेथील खडकाच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्यासाठी लाव्हा लागत नाही. सरांना ते पटले नाही आणि हा वाद शिक्षकदालनात पुढे अनेक वर्षे चालला. माझा पुरावा साधा होता. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. पण प्रावरणातून त्या सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातात आणि द्रवरूप बाह्य गाभ्यापाशी थांबतात. म्हणजे प्रावरण घन आहे. फक्त ते इतके तप्त आहे की त्याचा खडक वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथपणे वाहतो.

आता मुख्य गोष्ट. तप्त खडक वर येऊन भूपट्टाला, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या प्रचंड तुकड्याला, ढकलतो, हे अर्धेच खरे आहे. मोठी ओढ थंड टोकाकडून येते. सागरातील मध्यवर्ती पर्वतरांगेत तयार झालेला पट्ट दूर जाता जाता थंड, जाड आणि जड होतो, आणि दुसऱ्या पट्टाखाली बुडू लागला की स्वतःच्या वजनाने मागच्या पट्टालाही ओढून नेतो. पॅसिफिक पट्टाच्या बऱ्याच कडा अशा बुडत आहेत, म्हणूनच तो युरेशियन पट्टापेक्षा कितीतरी वेगाने सरकतो.

अंदमानजवळ भारतीय पट्ट असाच बर्मा पट्टाखाली जातो. दोन्ही पट्ट घर्षणाने एकमेकांत अडकतात, ताण साठत राहतो आणि अडकलेला भाग एकदम सुटतो, तोच भूकंप. २६ डिसेंबर २००४ रोजी अशी सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची कड सरकली. बुडालेला पट्ट साधारण १०० किलोमीटर खोलीवर पोहोचतो, तेव्हा त्याच्या खनिजांतील पाणी बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरते, त्यामुळे तेथील खडक कमी तापमानाला वितळतो आणि मॅग्मा तयार होतो. अंदमानातील बॅरन बेटावरील जागृत ज्वालामुखी याच मॅग्माचा आहे. प्रावरण मुळातच वितळलेले असते, तर ज्वालामुखी अशा ठरावीक रांगांतच का दिसले असते, हे लाव्ह्याचा समुद्र शिकवणाऱ्या कोणालाही जरूर विचारा.

तुमच्या प्रश्नातील ‘कडांवरच’ मात्र थोडे सैल घ्यावे लागेल. १९९३ चा किल्लारीचा भूकंप पट्टाच्या अंतर्भागात झाला. आणि आपल्या खानदेशातील काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून घडला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, प्रावरणातून वर आलेल्या तप्त खडकाच्या स्तंभामुळे बाहेर पडला होता.