सॅम्पल साइज तपासायला मेल टाकताना

अरे, सरांना नुसतं "३८४ बरोबर आहे का बघा" असं लिहू नकोस. प्रमाण ५०%, एरर ५% आणि कॉन्फिडन्स ९५% धरला की ३८४ येणारच, पण ते सुटी सुटी माणसं निवडली तर. तू जत तालुक्यातली गावं निवडून प्रत्येक गावात २० बायकांचं हिमोग्लोबिन बघणार, आणि एका गावात खाणंपिणं बरंचसं सारखंच असतं ना, मग प्रत्येकीमागे नवी माहिती कमीच मिळते. हा सारखेपणा मोजणारा आकडा म्हणजे आयसीसी, तो ०.०५ धरला तर सॅम्पल किती पट वाढवायचं ते सांगणारा डिझाइन इफेक्ट `1 + (20 - 1) × 0.05 = 1.95`, म्हणजे साधारण ७५० बायका, ३८ गावं. ०.०२ धरलास की तेच ५३० च्या आसपास येतं. म्हणून मेलमध्ये हे गणित पूर्ण टाक आणि आयसीसी कुठल्या सर्व्हेतून घेतला ते लिहून तो आपल्या भागाला चालेल का, एवढंच विचार.