मल्टिप्लाय लावूनही ओळ तरंगतेच

प्रश्न: जुन्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या पानावर चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये पुन्हा टाइप केलेल्या ओळीचा थर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला, तरी ती ओळ वरून चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकते आहे?

तुमची अक्षरे बहुधा शुद्ध काळी आहेत. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या थराच्या रंगाच्या 0 ते 255 मधल्या किमती गुणून 255 ने भागतात, आणि शुद्ध काळ्याची किंमत शून्य असते. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच, त्यामुळे शुद्ध काळ्या अक्षराच्या पोटात हा मोड आणि नॉर्मल यांत काडीचाही फरक पडत नाही. ‘मल्टिप्लाय केले की शाई झाली’ हे वाक्य मी एका सहकाऱ्याकडून इतक्यांदा ऐकले आहे की हे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आजोबांच्या कवितासंग्रहाच्या पुनर्मुद्रणासाठी आम्ही पाने स्कॅन केली, तेव्हा एका पानावरच्या दोन ओळी कसरीने खाल्लेल्या निघाल्या. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी शेजारच्या ओळीतील शाईचा रंग आयड्रॉपरने उचलला (60, 50, 42) आणि तोच नव्या ओळींना दिला. ओळी आजूबाजूच्या मजकुरापेक्षा गडद आणि तांबूस दिसू लागल्या, कारण उचललेल्या रंगात कागदाचा पिवळेपणा आधीच मुरलेला होता आणि मल्टिप्लायने तो दुसऱ्यांदा चढवला. कागदाचा रंग 230, 215, 185 होता, म्हणजे हिशेबाने पानावर 54, 42, 30 उमटत होते. मग मी उलट गणित केले: शाईच्या प्रत्येक किमतीला 255 ने गुणून कागदाच्या किमतीने भागले. उत्तर आले 67, 59, 58, म्हणजे जवळजवळ करडा रंग. तो थराला दिल्यावर पानावर नेमकी जुनी शाई उतरली.

रंग जुळल्यावर कडा उघड्या पडतात. 300 डीपीआयच्या स्कॅनवर मी अर्ध्या पिक्सेलचा गॉसियन ब्लर दिला आणि 400 टक्क्यांवर जुने ‘क’ आणि नवे ‘क’ शेजारी ठेवून पाहिले. जुन्या छपाईत शिरोरेषेला खिळ्यांच्या जोडांवर बारीक फटी दिसत होत्या, तर फॉन्टची शिरोरेषा सलग धावत होती; म्हणून मास्कवर दोन-तीन ठिकाणी ती अगदी पुसट केली. सहकाऱ्याच्या मते हा वेळेचा अपव्यय होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: मल्टिप्लाय खालचे काहीही झाकत नाही, म्हणून फाटक्या अक्षरांचे अवशेष आणि कसरीचे डाग क्लोन साधनाने अगोदर काढावे लागतात. शिवाय हे सारे पुनर्मुद्रणापुरतेच ठीक. दाखल्यावर किंवा करारावर असे केले, तर ती बनावट ठरते. आम्ही बदललेल्या दोन्ही ओळींची नोंद शेवटच्या पानावर छापली.

सहकारी अजूनही म्हणतो की फरक फॉन्टमुळे पडला. फॉन्ट आम्ही बदललाच नव्हता.