भजनसंध्येचं पोस्टर: एका पानात मजकूर कसा बसवावा

प्रश्न: आमच्या महिला भजनी मंडळाची दिवाळीनंतर सांगलीत भजनसंध्या आहे. ए-फोर पोस्टर करायचंय पण मजकूर पानात मावत नाहीये, प्रेसवाला म्हणतो अक्षर १४ पॉइंटचं करू. काय काढू, काय ठेवू?

ताई, अक्षर बारीक अजिबात करू देऊ नका. हे पोस्टर लागणार देवळाच्या खांबाला, डेअरीच्या काचेवर, किराणा दुकानाच्या शटरशेजारी, आणि माणूस ते पाच-सहा फुटांवरून वाचणार तेही हातात दुधाची पिशवी घेऊन. त्या अंतरावर १४ पॉइंट म्हणजे नुसत्या रेघा दिसतात, आणि भजनाला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात.

तुमचा मजकूर वाचला. पहिल्या चार ओळी "सालाबादप्रमाणे यंदाही", "कृपाशीर्वादाने", "सर्व भाविक भक्तांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" यातच गेल्यात आणि तारीख सातव्या ओळीत, तीही वाक्याच्या मध्ये. निमंत्रणपत्रिकेत हे शोभतं, कारण ती माणूस घरी बसून वाचतो. पोस्टरवर वाक्यच नको, क्रियापद आलं की ओळ लांबते. "सहकुटुंब सहपरिवार" यातला एकच शब्द पुरे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार यांची नावं तर काढाच, मला माहितीय यावरून मंडळात रुसवे होतात, पण ती कार्यक्रमात स्टेजवरून घ्या, तिथं जास्त मान मिळतो.

मी असं केलं असतं (कंसातलं तुम्ही भरा):

भजनसंध्या
शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६
सायं. ६.३० ते ९.३०
विठ्ठल मंदिर सभामंडप, शंभर फुटी रस्ता, सांगली
पाण्याच्या टाकीसमोर
गायन: (नाव) | हार्मोनियम: (नाव) | तबला: (नाव)
प्रवेश मोफत, नंतर महाप्रसाद
संपर्क: (नाव, नंबर) | (नाव, नंबर)
(मंडळाचं नाव)

आता मापं. ए-फोर २१ सेंटीमीटर रुंद, दोन्हीकडे दीड-दीड समास सोडला की १८ उरतात. "भजनसंध्या" ८० पॉइंटला आरामात बसतं, तारखेची ओळ ४० च्या आसपास, वेळ तेवढीच, पत्ता ३० आणि तो दोन ओळींत तोडा, संपर्क २४, कलाकार आणि मंडळाचं नाव १८ ते २०. फक्त दोन ओळींमधलं अंतर आवळू नका, आपल्या अक्षराला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर चढतो आणि सगळं गिचमीड दिसतं. फॉन्टच्या सव्वापट ते दीडपट अंतर ठेवा.

वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि कॅलेंडर उघडून जुळवून बघा. आमच्या एका कार्यक्रमात वार शनिवारचा आणि तारीख रविवारची छापली गेली, मागच्या वर्षीची फाईल उघडून फक्त आकडा बदलला होता, शनिवारी पंधरा-वीस जण कुलूप बघून परत गेले, मला अजून त्याचं वाईट वाटतं. तिथी लिहायची असेल तर तारखेखाली बारीक लिहा, तिथीवरून दिवस काढणारे आता थोडे राहिलेत. संपायची वेळ पण टाकाच, बायकांना परत जायचं नियोजन करता येतं, आणि रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंदच ठेवावा लागतो तेव्हा साडेनऊ ठीक आहे, नंतर सामान आवरायला वेळ मिळतो.

पत्त्यात खूण महत्त्वाची. विठ्ठल मंदिर शहरात एकच थोडंच आहे, रिक्षावाल्याला सांगता येईल अशी एक खूण द्या, दोन नको. फोन नंबर इंग्रजी आकड्यात घाला, बारीक फॉन्टमध्ये मराठी १ आणि ९ लांबून सारखेच वाटतात आणि दहातला एक आकडा चुकला की नंबर गेला. मध्ये जागा सोडून पाच-पाच आकडे लिहा. आणि ज्यांचे नंबर टाकताय त्यांना आधी विचारा, दुपारी फोन उचलणारं माणूसच हवं.

शेवटचं, प्रेसला मजकूर व्हॉट्सॅपवर टाइप करून दिला तर बरेच जण तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि तिथं "ऱ्या", "ऱ्हा" सारखी जोडाक्षरं तुटतात, कधी रफार शेजारच्या अक्षरावर जातो. म्हणून प्रूफची पीडीएफ मागवा, तुमच्या मजकुराशेजारी ठेवून शब्दन् शब्द वाचा, नंबरवर स्वतः फोन लावून बघा. मग एक प्रत घरी काढून भिंतीला चिकटवा, सहा फूट मागं जा आणि सासूबाईंना वाचायला लावा. तारीख आणि जागा त्यांना न अडखळता सांगता आली तरच शंभर प्रती काढायला सांगा.