आरशात बघायची वेळ ठरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

केस गळून टक्कल पडेल या भीतीने पाठवलेले तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले आणि बाथरूमच्या दिव्याखाली काढलेले टाळूचे फोटोही पाहिले. इतके फोटो मी माझ्या पेशंटांकडूनही मागत नाही. आता माझं सावकाश वाच. त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून लिहितोय, आणि तुझ्या बाबांचा मित्र म्हणूनही.

आधी तारखा लावू. जुलैच्या शेवटी तुला डेंग्यू झाला. ताप चांगलाच चढला होता आणि आठवडाभर तू पेजेवर होतास. चतुर्थीला घरी आलास तेव्हा केसांची तक्रार नव्हती. मग पणजीत भाड्याच्या खोलीत राहायला गेलास आणि दिवाळीच्या सुमाराला उशीवर, फरशीवर केस दिसायला लागले. तू दोष दिलास खोलीतल्या नळाच्या पाण्याला, कारण डोळ्यांसमोर बदललेली गोष्ट तीच होती. पण खरं कारण तीन महिने मागे आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग वाढ थांबवून सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. एरवी दहा टक्क्यांच्या आसपास केस विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस शंभरएक दिवसांत जाणार, दिवसाला शंभरच्या आतबाहेर. हे तुझंही होतं, माझंही होतं, कोणी मोजत नाही इतकंच. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा अचानक खाणं तोडणं, असं काही झालं की बरेच जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. ते त्याच दिवशी गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. आम्ही याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतो. डेंग्यूच्या हंगामानंतर आमच्याकडे अशा पेशंटांची रीघ लागते.

तू विचारलंस की केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे मूळच उपटलं का? नाही. तो ठिपका विश्रांती पुरी केलेल्या केसाची खूण आहे. ज्यातून केस उगवतो ती पिशवी त्वचेतच राहते, आणि बहुतेक वेळा आत नवा केस वर यायला लागलेला असतो. माडाचं सुकलेलं चुडत पडलं म्हणून माड मेला असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

आता आरशाकडे येतो, कारण खरी कटकट तिथे आहे. तू सांगितलंस त्यात ऑफिसच्या लिफ्टची काच, बाइकचा आरसा, फोनचा कॅमेरा, शिवाय रात्री टॉर्च लावून टाळू बघणं एवढं सगळं आलं. प्रत्येक वेळी उजेड वेगळा, कोन वेगळा, केस कधी ओले तर कधी तेल लावलेले. ओले केस एकमेकांना चिकटतात आणि वरून पांढरा दिवा पडला की कुणाचीही टाळू चमकते. शिवाय एकाच जागेकडे जवळून बराच वेळ बघत राहिलं की धडधाकट माणसालाही तिथे दोष दिसू लागतो. मग काय होतं? बघितलं की क्षणभर बरं वाटतं, ‘कालच्याएवढंच आहे’. थोड्या वेळाने शंका परत येते, कारण बघून शंका शांत होते हे मेंदूने शिकून ठेवलेलं असतं. म्हणून पुढची तपासणी आधीपेक्षा लवकर होते.

याने केस खरंच जास्त गळतात का? रोजच्या काळजीने डेंग्यूच्या तापाइतके गळत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण ताणाचं आणि केसांचं नातं खोटं नाही. 2021 साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की ताणाचं संप्रेरक वाढलं की केसांची मुळं विश्रांतीतच जास्त काळ राहतात. उंदराचं सगळं माणसाला लागू होत नाही. तुझ्या बाबतीत मला जास्त काळजी या ताणापायी बदललेल्या सवयींची वाटते. रात्री दोनपर्यंत फोन, सकाळी नुसता चहा, दुपारी कुणीतरी सांगितलं म्हणून भात बंद. डेंग्यूतून उठलेल्या शरीराला यातलं काहीच परवडत नाही, आणि कमी खाणं हे तर स्वतःच केसगळतीचं कारण आहे. त्यात तू ‘किती येतात बघू’ म्हणून चिमटीत धरून केस ओढतोस. सैल झालेला केस ओढल्यावर येणारच. तो आला की घाबरतोस आणि आणखी ओढतोस.

डोक्यावरून चार-चार दिवस पाणी न घेणं हाही त्यातलाच प्रकार. चार दिवसांचे सुटलेले केस एकाच वेळी जाळीत जमतात आणि तुला वाटतं आज प्रलय झाला. एक दिवसाआड साध्या शाम्पूने धू. पाणी विहिरीचं की नळाचं, याने मुळं सैल होत नाहीत. खोबरेल लावायचं तर लाव, केस मऊ राहतील. नवे उगवतील म्हणून लावू नकोस.

तपासणी एकदम बंद कर असं सांगणार नाही, ते जमत नाही. तिची वेळ ठरव. सकाळी केस विंचरताना एकदा आणि दाढी करताना एकदा, हातभर अंतरावरून. बाकी वेळी बघावंसं वाटलं तर ‘नाही’ म्हणू नकोस, ‘दहा मिनिटांनी’ म्हण. ती ओढ आपोआप चढते आणि उतरते, पण बघून टाकलंस तर उतरताना कधी दिसत नाही. पहिला आठवडा जड जाईल. टॉर्च कपाटात ठेव, फोनमधले टाळूचे फोटो पुसून टाक आणि गळलेले केस मोजणं सोड.

त्याऐवजी महिन्यातून एकदाच दोन फोटो. 1 तारखेला, सकाळी, कोरड्या केसांवर, त्याच खिडकीपाशी, भांग त्याच जागी, एक समोरून आणि एक वरून. एक महिन्याचा फरक बघू नकोस, तीन महिन्यांचा बघ. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसले की समज, नवे येतायत. गळती बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत ओसरते. दाटपणा परत यायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, कधी वर्षही. मध्यंतरी ‘गळणं थांबलं पण भरले नाहीत’ असं वाटेल, ते अपेक्षितच आहे.

मित्राची मिनॉक्सिडिलची, म्हणजे केस उगवायच्या औषधाची बाटली आत्ता उघडू नकोस. औषध खरं आहे, पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यानेही गळती वाढू शकते, आणि मग कशाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही. ते लागतं वंशपरंपरेने येणाऱ्या टकलाला. त्यात असे मूठभर केस एकदम येत नाहीत, कपाळाचे दोन कोपरे आणि माथा वर्षानुवर्षं हळूहळू उघडे पडत जातात. तुझ्या बाबांचं तसं झालंय, म्हणून तुझी भीती मला कळते. दोन्ही एकत्रही असू शकतं. ते मी डोकं प्रत्यक्ष बघून सांगेन, फोटोवरून नाही.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, टाळूला खाज किंवा खपल्या आल्या, किंवा सहा महिने उलटूनही गळती तशीच राहिली, तर वाट बघू नकोस, लगेच ये. आणि आरसा, केस या विचारापायी ऑफिसला दांड्या होऊ लागल्या किंवा मित्रांना टाळू लागलास तर तेही सांग. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हीच आरसा लांबवण्याची पद्धत नीट पायरीपायरीने करून घेतात. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ती सोय आहे.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि थायरॉइडचं टीएसएच एकदा करून घे. तू घेत असलेली बायोटिनची गोळी त्याआधी तीन दिवस बंद ठेव, तिच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. भात परत सुरू कर, बांगडा, तिसऱ्या, तांबडी भाजी असू दे ताटात. रिपोर्ट आणि 1 तारखेचे दोन फोटो घेऊन फोंड्याला ये. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.

तुझा,
काका