निकालानंतरचा पहिला मेसेज

«माझी जिवलग मैत्रीण नीटमध्ये नापास झाली. मला मात्र बरे मार्क पडले. निकालापासून ती फोन उचलत नाही. मेसेज लिहायला घेते आणि पुसून टाकते. काय लिहू, म्हणजे तिला आणखी लागणार नाही आणि पुढचं काहीतरी सुचेलही?»

असाच प्रश्न घेऊन २०२५ च्या जूनमध्ये एक मुलगा माझ्याकडे आला होता. दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती हकीकत सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

दोघं मित्र दोन वर्षं लातूरला क्लाससाठी एका खोलीत राहिले होते. १४ जूनला निकाल लागला. याचं एमबीबीएसचं जमण्यासारखं होतं. मित्राला ७२० पैकी १३१ मिळाले. सर्वसाधारण प्रवर्गाची पात्रतेची रेघ त्या वर्षी १४४ वर होती, म्हणजे तो पात्रही ठरला नाही. मित्र गावी निघून गेला, त्याने डीपी काढला, ग्रुप सोडला. याने फोनवर लिहून ठेवलेला मेसेज मला दाखवला:

«अरे टेन्शन घेऊ नको, परीक्षा म्हणजे आयुष्य नाही. पेपरच वाईट होता, सगळ्यांचीच वाट लागली. किती जण दुसऱ्या वर्षी काढतात. तू ड्रॉप घे, माझ्या सगळ्या नोट्स देतो. नाहीतर बीफार्म पण चांगलं आहे. फोन का उचलत नाहीस? रिप्लाय दे ना, काळजी वाटते.»

यातला एकही शब्द वाईट हेतूने लिहिलेला नाही. तरी मी त्याला म्हटलं, हाच मेसेज आता तू नापास झालायस असं समजून वाच. त्याने वाचला आणि ‹सगळ्यांचीच वाट लागली› पाशी थांबला. २०२५ चा फिजिक्सचा पेपर अवघड होता हे खरंच. पण ज्याचं जमलंय त्याने ‹सगळ्यांचीच› म्हटलं की समोरच्याला आधी दिसतं ते हेच, की तुझी तर नाही लागली.

‹ड्रॉप घे› आणि ‹बीफार्म पण चांगलं› हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही घाईचे आहेत. निकालाच्या दिवशी घरात आई, काका, क्लासचे सर, शेजारी सगळे हेच सांगत असतात. त्यात मित्राचीही भर पडली, तर मुलाला फक्त एक मत आणखी मिळतं आणि हक्काचा मित्र एकाने कमी होतो. शेवटच्या ओळीत तर मित्राची काळजी वाहण्याचं कामही मित्रावरच टाकलं आहे. रिप्लाय दे, म्हणजे मला बरं वाटेल! झोप न झालेल्या, रडून डोळे सुजलेल्या मुलाला ते ओझं पेलत नाही, म्हणून तो फोन पालथा घालून ठेवतो. आपल्याला वाटतं तो आपल्यावर चिडलाय.

मग आम्ही तो मेसेज पुन्हा लिहिला. माझी अट एकच होती: पहिल्या मेसेजमध्ये पुढच्या वर्षाबद्दल चकार शब्द नको. पुढच्या पावलांचा विचार करायचाच, पण तो नंतरच्या मेसेजमध्ये. त्याने स्वतःच्या भाषेत लिहिलं ते असं:

«तुझा रिझल्ट कळला. फार वाईट वाटलं. तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कसा बसायचास ते मी बघितलंय. आत्ता काही बोलू नकोस, रिप्लायपण नको. रविवारी संध्याकाळी मी तुमच्या गावच्या स्टँडवर येतोय, चहा घेऊ. नीटचं काही काढणार नाही. वाटलं नाही तर येऊ नकोस, मी परत जाईन, राग नाही.»

‹मेहनत वाया जात नाही› आणि ‹तू दोन वाजेपर्यंत बसायचास› यांत मोठा फरक आहे. पहिलं कुणीही कुणालाही म्हणू शकतं. दुसरं फक्त खोलीत सोबत राहिलेला माणूसच म्हणू शकतो, आणि ते नाकारता येत नाही. तुमच्या मैत्रिणीबद्दल असं तुम्हीच पाहिलेलं काय आहे, ते आठवा. मोठं नको. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर टॉर्च लावून सोडवलेले पेपर, एवढंही चालेल. भेटीची वेळ आणि जागा मात्र नक्की लिहा. ‹काही लागलं तर सांग› म्हटलं की काय लागतंय हे शोधायचं काम तिच्याकडे जातं.

रिप्लाय नको म्हटल्यावर ती ठीक आहे हे कळणार कसं, असं त्यानेही विचारलं. ते घरच्यांकडून कळतं. त्याने मित्राच्या मोठ्या बहिणीला फोन केला आणि तीनच गोष्टी विचारल्या: जेवतोय का, झोपतोय का, एकटा असतो का. जेवण अर्धवट होतं, झोप पहाटे लागत होती, पण रात्री बहीण त्याच खोलीत झोपत होती. पहिल्या दोन-चार दिवसांत एवढं अपेक्षितच असतं.

इथे थोडं थांबून सांगते. ‹माझ्यामुळे घरच्यांचे पैसे बुडाले, मी नसतो तर बरं झालं असतं› असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, किंवा खूप अस्वस्थ असलेलं माणूस अचानक एकदम शांत होणं, यातलं काही दिसलं तर मेसेज लिहीत बसू नका. सरळ विचारा, ‹जीव द्यायचे विचार येतायत का?› विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. उत्तर ‹हो› आलं, तर तिला एकटं सोडू नका आणि घरातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा, तिने ‹कुणाला सांगू नको› म्हणून शपथ घातली असली तरी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

रविवारी मित्र स्टँडवर आला. चहा झाला, क्रिकेटवर बोलणं झालं, नीटवर नाही. दुसरा मेसेज त्यानंतरचा, आणि त्यात पुढचं पहिलं पाऊल होतं. तेही परीक्षेचं नव्हतं. मित्राला सगळ्यांत जास्त धास्ती होती नातेवाइकांच्या ‹किती पडले?› या प्रश्नाची. एका लग्नाला जायचं होतं, तो नको म्हणत होता. याने लिहिलं: «कुणी विचारलं तर एवढंच म्हण, ‘यंदा झालं नाही, पुढचं जुलैत ठरवणार आहे.’ पुढे विचारलं तर तेच परत म्हण.» हे वाक्य मित्राने पाठ केलं. ‹जुलैत› या शब्दामुळे घरच्यांचीही घाई जरा कमी झाली, कारण आता निर्णय टळत नव्हता, त्याला महिना ठरला होता.

तिसऱ्या मेसेजमध्ये विचारणा होती: «तुला चालणार असेल तर एकदा पेपर घेऊन बसू. नको असेल तर नको.» मित्रच आठवड्याने तयार झाला. एनटीएकडून आलेली ओएमआरची प्रत आणि अंतिम उत्तरतालिका शेजारी ठेवून दोघांनी मोजलं. बरोबर उत्तराला ४, चुकीचा १ वजा. बायोलॉजीत ३५ बरोबर, २५ चूक, म्हणजे ११५. केमिस्ट्रीत ९ बरोबर, १४ चूक, म्हणजे २२. फिजिक्समध्ये ३१ प्रश्न सोडवले, ५ बरोबर, २६ चूक, म्हणजे वजा ६.

मित्र तोवर म्हणत होता, ‹शेवटी अंदाजे गोळे मारले म्हणून बुडालो.› आकडे तसं म्हणत नव्हते. चार पर्यायांत नुसते डोळे मिटून ३१ गोळे मारले, तरी सरासरीने सात-आठ बरोबर यायला हवेत. शिवाय फिजिक्स पूर्ण कोरं सोडलं असतं तरी बेरीज १३७ झाली असती, म्हणजे रेघ हुकलीच असती. नडलं होतं ते दोन वर्षांत न समजलेलं फिजिक्स. हे कटू आहे, पण ‹मी नालायक› यापेक्षा खूप छोटं आणि खरं आहे. मात्र हाच हिशेब निकालाच्या रात्री मांडला असता तर तो जखमेवर मीठच ठरला असता.

मग ड्रॉपचा प्रश्न त्याला वेगळा दिसला. नीट कितीदाही देता येते, म्हणून ‹अजून एक वर्ष› म्हणायला सोपं असतं. माझं स्वतःचं मत असं, की पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं करणार हे सांगता येत नसेल, तर ड्रॉप घेऊ नये. तेच क्लास, तीच खोली आणि तेच न समजणारे तास असतील, तर ‹जास्त मेहनत› हे उत्तर पुरत नाही. त्याने पीसीबी गटातून एमएचटी-सीईटीही दिली होती आणि तो निकाल नीटनंतर तीन दिवसांनीच आला होता. त्या धांदलीत कुणी धड बघितलाच नव्हता. त्यावर बीफार्म आणि कृषी या दोन्हींसाठी अर्ज करता येत होता. दोघांनी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तारखा पाहिल्या, डोमिसाइलचा दाखला शोधला आणि नोंदणी केली. नोंदणी म्हणजे प्रवेश नव्हे, हे वडिलांना समजावून सांगावं लागलं. ड्रॉपचा रस्ता तोपर्यंत उघडाच होता. शेवटी त्याने कृषी घेतलं. दुसऱ्या एखाद्याने ड्रॉप घेतला असता, आणि फिजिक्सची वेगळी शिकवणी ठरली असती तर तेही मला पटलं असतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट उरते. तुमचं झालंय, तिचं नाही. कधीतरी उत्तर येईल, ‹तुला काय, तुझं तर झालंय.› तेव्हा स्वतःचे मार्क कमी दाखवू नका आणि ‹माझंही कुठे मनासारखं झालं› असंही म्हणू नका. त्या मुलाने लिहिलं होतं, «हो, माझं झालं, आणि तुझं नाही झालं. याचा तुला राग येत असेल तर येऊ दे, मी इथेच आहे.» त्यावर मित्राचं दोन दिवस काही आलं नाही, मग एक शिवी आली आणि मग फोन. तुम्हाला कॉलेज मिळालं की ते तिला आधी तुम्हीच सांगा, ग्रुपवर टाकायच्या आधी, एकटीला, फोटोशिवाय.