एच-४ वर अमेरिकेत नोकरी कधी करता येते?

प्रश्न: नवरा एच-१बी वर आहे, मी नाशिकहून एच-४ वर जाणारे, तिथे लगेच नोकरी करता येईल का?

लगेच नाही. आधी नवऱ्याला विचारा की त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी टाकलेला आय-१४० अप्रूव्ह झालाय का, कारण बहुतेकींचं घोडं तिथेच अडतं. तो झाला असेल (किंवा ग्रीन कार्डची प्रोसेस चालू असल्यामुळे त्याला सहा वर्षांच्या पुढे एच-१बी वाढवून मिळालं असेल) तरच तुम्हाला वर्क परमिट म्हणजे ईएडी मिळतं, हा नियम २०१५ पासून आहे.

अर्ज इथून करता येत नाही, तिथे पोचल्यावर आय-७६५ फॉर्म भरायचा, सोबत तुमचा आय-९४ म्हणजे अमेरिकेत शिरल्याची आणि किती दिवस राहता येईल याची नोंद, मॅरेज सर्टिफिकेट आणि आय-१४० ची अप्रूव्हल नोटीस. पावती आली म्हणून जॉइन होऊ नका हां, ईएडी मंजूर होऊन त्यावरची सुरुवातीची तारीख आल्याशिवाय एक दिवसही काम केलं तर स्टेटस मोडतं.

आणि पासपोर्ट बघा. समजा नवऱ्याचं एच-१बी २०२८ पर्यंत आहे पण तुमचा पासपोर्ट २०२७ लाच संपतोय, तर एअरपोर्टवर आय-९४ बहुतेक २०२७ पर्यंतच देतात आणि ईएडी पण तेवढंच मिळतं, म्हणून निघायच्या आधी नाशिकमध्येच रिन्यू करून घ्या.

नवरा एल-१ वर असता तर गोष्टच वेगळी, आय-९४ वर L-2S लिहिलेलं असलं की बायकोला वेगळं ईएडी लागतच नाही.